परागवाहक कीटकांच्या घटीचा साहित्य आढावा: पेपरांची यादी मोडून थीमनुसार मांडणी

प्रश्न: परागवाहक कीटकांच्या घटीवर पीएच.डी.चा साहित्य आढावा लिहितेय. चाळीसेक पेपर वाचून झालेत. आधी वर्षानुसार एकेका पेपरवर परिच्छेद लिहिला, तर गाईड म्हणाले ही यादी आहे. मग कीटकनाशकं, हवामान, रोग, अधिवास असे चार भाग केले. तरी "यादीच आहे, फक्त चार तुकड्यांत" म्हणून परत आलं. थीमनुसार म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर:

"कीटकनाशकं" ही थीम नाही, तो कप्पा आहे. कप्प्यात पेपर नुसते ठेवले जातात, त्यांचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही. थीम म्हणजे एक पुरं वाक्य, आणि तेही असं, की वाचणाऱ्याला "हे कशावरून?" असं विचारावंसं वाटेल. उदाहरणार्थ: "निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा परिणाम प्रयोग शेतात नेल्यावर पाळीव मधमाश्यांमध्ये पुसट होतो, पण रानमाश्यांमध्ये टिकून राहतो." असं वाक्य हातात आलं की कुठला पेपर आधी, कुठला नंतर, कुठल्यावर अर्धं पान आणि कुठल्यावर अर्धी ओळ, हे ते वाक्यच ठरवतं.

प्रश्न एवढाच, की असं वाक्य सापडणार कुठे. पेपर पुन्हा पुन्हा वाचून ते सापडत नाही. त्यासाठी पेपर फोडावे लागतात.

तुमच्याकडे बहुधा एक एक्सेल शीट असेल, दर पेपरला एक ओळ. यादीची सुरुवात तिथूनच होते. शीटमध्ये ज्या एककाने नोंद केली, त्याच एककाने आपण लिहितो. म्हणून ओळ पेपरला देऊ नका, निष्कर्षाला द्या. एका पेपरात तीन वेगळ्या कीटकांवर तीन वेगळी मापं घेतली असतील तर त्याच्या तीन ओळी होतील. निओनिकोटिनॉइडवरचे चार गाजलेले पेपर घेऊन हे कसं दिसतं ते पाहा:

| निष्कर्ष | कीटक | काय मोजलं | औषध कसं पोचलं | काय दिसलं |
|---|---|---|---|---|
| व्हाइटहॉर्न २०१२ | बंबलबी | वसाहतीचं वजन, नव्या राण्या | प्रयोगशाळेत खाद्यातून, मग वसाहती बाहेर | वाढ कमी, राण्या ८५ टक्के कमी |
| हेन्री २०१२ | मधमाशी | पोळ्याकडे परत येणं | ठरावीक मात्रा पाजून माश्या सोडल्या | परतणाऱ्या कमी |
| रुंडलॉफ २०१५ अ | मधमाशी | वसाहतीतल्या माश्या | पेरलेल्या शेतातून | ठळक फरक नाही |
| रुंडलॉफ २०१५ आ | बंबलबी | वसाहतीची वाढ | पेरलेल्या शेतातून | घट |
| रुंडलॉफ २०१५ इ | एकांडी माशी (ऑस्मिया) | घरटी | पेरलेल्या शेतातून | औषधाच्या शेतांजवळ घरटी झालीच नाहीत |
| वुडकॉक २०१७ अ | मधमाशी | वसाहतीची ताकद, हिवाळा पार करणं | शेतातून, तीन देश | हंगेरी व ब्रिटनमध्ये वाईट, जर्मनीत नाही |
| वुडकॉक २०१७ आ | बंबलबी, ऑस्मिया | पुनरुत्पादन | घरट्यात सापडलेले अवशेष | अवशेष जास्त तिथे पुनरुत्पादन कमी |

आता ही शीट "कीटक" या रकान्यावर सॉर्ट करा. मधमाशीच्या ओळी एकत्र येतात आणि त्यांचं आपसात पटत नाही: एकात परिणाम, एकात नाही, एकात देशागणिक वेगळा. बंबलबी आणि ऑस्मियाच्या ओळी मात्र सगळ्या एकाच दिशेला झुकतात. वर दिलेलं थीमचं वाक्य तिथूनच निघालं. दर पेपरला एक ओळ असती तर रुंडलॉफच्या पुढे "संमिश्र परिणाम" एवढंच लिहिलं गेलं असतं, आणि सगळ्यात मोलाची गोष्ट त्या दोन शब्दांत गाडली गेली असती.

मग "औषध कसं पोचलं" या रकान्यावर सॉर्ट करा. थीमची दुसरी बाजू दिसते: माश्यांना औषध माणसानं पाजलं की त्यांनी ते स्वतः शेतातून आणलं. ही बाजू महत्त्वाची, कारण व्हाइटहॉर्न यांच्या पेपरवर टीका झाली ती इथेच. व्हाइटहॉर्न यांच्या बंबलबींना दोन आठवडे औषध घातलेलंच खाद्य मिळत होतं. बाहेर चरणाऱ्या माशीला दुसऱ्या फुलावर जाण्याची मोकळीक असते, ती इथे नव्हती. हेन्री यांच्यावरची टीका वेगळी होती. त्यांनी माश्यांच्या पाठीवर बारीक रेडिओ टॅग चिकटवून कोण परत आलं ते मोजलं. पण त्यावरून पूर्ण वसाहत कोसळेल की नाही हे काढताना वापरलेल्या गणिती मॉडेलवर आक्षेप आला, की वसंतात वसाहतीत नव्या माश्या ज्या वेगानं जन्मतात तो वेग त्यात कमी धरला आहे. रुंडलॉफ यांनी स्वीडनमध्ये खरोखरची रेपसीडची शेतं घेतली, एकूण १६: निम्म्यांत औषध चोळलेलं बी, निम्म्यांत साधं. म्हणजे आधीच्या टीकेला दिलेलं ते उत्तर होतं.

तुमची यादी आणि थीम यांतला फरक लिखाणात कसा दिसतो, ते आता दाखवतो. प्रबंध तुम्ही इंग्रजीत लिहीत असाल तरी वाक्यांची बांधणी तीच राहील. यादीचा परिच्छेद असा असतो:

> व्हाइटहॉर्न आणि सहकाऱ्यांनी (२०१२) बंबलबीवर इमिडाक्लोप्रिडचा परिणाम अभ्यासला. त्यांना राण्यांची संख्या ८५ टक्के कमी आढळली. हेन्री आणि सहकाऱ्यांनी (२०१२) थायामेथोक्झामचा मधमाश्यांवरील परिणाम अभ्यासला. रुंडलॉफ आणि सहकाऱ्यांनी (२०१५) स्वीडनमध्ये शेतावर प्रयोग केला. वुडकॉक आणि सहकाऱ्यांनी (२०१७) तीन देशांत अभ्यास केला व संमिश्र परिणाम नोंदवले.

यात एकही वाक्य चुकीचं नाही. पण वाक्यं खालीवर केली तरी काही बिघडत नाही, आणि यादी ओळखायची माझी पहिली कसोटी हीच आहे. दुसरी कसोटी: दर वाक्याचा कर्ता संशोधक आहे. या परिच्छेदात माशी कुठेच काही करत नाही.

तोच मजकूर थीमखाली आणला की असा होतो:

> निओनिकोटिनॉइडमुळे माश्यांना इजा होते हे नियंत्रित मात्रेच्या प्रयोगांत स्पष्ट दिसले होते: बंबलबीच्या वसाहतींत नव्या राण्या ८५ टक्क्यांनी घटल्या (व्हाइटहॉर्न २०१२) आणि मधमाश्यांचे पोळ्याकडे परतणे कमी झाले (हेन्री २०१२). मात्र या माश्यांना औषध टाळण्याची संधी नव्हती. माश्या प्रत्यक्ष शेतात चरल्या तेव्हा दोन गटांचे चित्र वेगळे झाले. स्वीडनमधील शेतांत मधमाश्यांच्या वसाहतींत ठळक फरक आढळला नाही, तर त्याच शेतांभोवती बंबलबींची वाढ खुंटली व ऑस्मियाने घरटी केली नाहीत (रुंडलॉफ २०१५). मधमाश्यांवरील परिणाम ठिकाणानुसारही बदलतो: हंगेरी व ब्रिटनमध्ये तो प्रतिकूल होता, जर्मनीत नव्हता, आणि जर्मनीतील वसाहतींच्या आहारात रेपसीडचा वाटा कमी होता (वुडकॉक २०१७). म्हणून "मधमाश्यांना काही होत नाही" या निरीक्षणावरून रानमाश्यांची सुरक्षितता गृहीत धरता येत नाही.

पेपर तेच चार. पण आता यातलं एक वाक्य हलवून बघा, परिच्छेद मोडतो. शेवटचं वाक्य कुठल्याही एका पेपरात सापडणार नाही, ते चौघांना शेजारी ठेवल्यावरच लिहिता येतं. गाईडना हवं आहे ते हेच वाक्य.

इथे एक गोष्ट लक्षात आली असेल: हा परिच्छेद २०१२, २०१५, २०१७ असा कालक्रमानंच गेला आहे. कालक्रम वाईट नसतो. पुढचा पेपर आधीच्यावरच्या आक्षेपाला उत्तर देत असेल तिथे तो ठेवावाच. पेपरांचा एकमेकांशी संबंध नसताना फक्त साल पाहून रांग लावली की यादी होते.

थीम बनली की ती मोडून पाहणं हेही तुमचंच काम. तोंडी परीक्षेत परीक्षक पहिला घाव तिथेच घालतो. वरच्या वाक्याला कुठे तडा जाऊ शकतो? स्वीडनच्या बियाण्यावर क्लोथियानिडिनसोबत बीटा-सायफ्लुथ्रिन हे दुसरं कीटकनाशकही होतं, म्हणून सगळा दोष निओनिकोटिनॉइडवर टाकता येत नाही. वुडकॉक यांच्या अभ्यासात घरट्यांमध्ये इमिडाक्लोप्रिडचे अवशेषही सापडले, जे त्या प्रयोगात वापरलंच नव्हतं. म्हणजे ते आधीच्या वापरातून मातीत राहिलेलं असावं. यानं थीमला वेगळंच वळण मिळतं: "औषध न घातलेलं" शेत खरंच कोरं होतं का? आणि त्या अभ्यासाला काही पैसा बायर आणि सिंजेंटा या कंपन्यांकडून आला होता. हेही लिहायचं, पण नुसतं बोट दाखवण्यासाठी नाही. निष्कर्ष निधी देणाऱ्यांना सोयीचा नव्हता आणि कंपन्यांनी त्याच्या अन्वयार्थावर आक्षेप घेतला, हेही सोबत लिहिलं तरच ते प्रामाणिक होतं. २०१८ मध्ये युरोपीय संघानं इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, त्याची एक ओळ इथे येईल. त्याहून जास्त जागा धोरणाला देऊ नका, तुमचा आढावा धोरणाचा नाही.

आता या थीमच्याही आधी यायला हवी अशी एक थीम. तुमच्या चार कप्प्यांत ती कुठेच बसत नव्हती: घट म्हणजे प्रत्येकानं काय मोजलं.

शीटमधला "काय मोजलं" हा रकाना वरून खाली वाचा. दर ठिकाणी "डिक्लाइन" हाच शब्द दिसेल, आणि खाली मापं मात्र भलतीच वेगवेगळी. हॉलमन आणि सहकाऱ्यांचा २०१७चा जर्मनीचा पेपर सगळे उद्धृत करतात: २७ वर्षांत उडत्या कीटकांचं वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलं. पण ते सापळ्यात पडलेल्या सगळ्या उडत्या कीटकांचं एकत्र वजन होतं. त्यात परागवाहक किती, हे त्या आकड्यातून निघत नाही. पॉनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ३५३ जातींच्या रानमाश्या आणि होव्हरफ्लाय पाहिल्या, आणि मोजलं ते वजन नाही की संख्याही नाही, तर जात किती ठिकाणी आढळते ते. सुमारे एक तृतीयांश जाती आक्रसल्या, सुमारे एक दशांश पसरल्या, आणि पिकांवर येणाऱ्या मुख्य माश्या तर वाढल्या. तिकडे आयझेन आणि हार्डर यांनी २००९ मध्ये दाखवलं की जगातल्या पाळीव मधमाश्यांच्या पेट्या अर्ध्या शतकात सुमारे ४५ टक्क्यांनी वाढल्या, फक्त परागीभवनावर अवलंबून असलेली शेती त्याहून कितीतरी वेगानं वाढली.

यादीत हे तिन्ही पेपर एकमेकांना खोटं पाडतात असं वाटतं, आणि विद्यार्थी मग "याबाबत मतभिन्नता आहे" असं लिहून सुटका करून घेतो. मतभिन्नता नाहीच. एकानं वजन मोजलं, दुसऱ्यानं विस्तार, तिसऱ्यानं पेट्या. थीमचं वाक्य असं होईल: "घट किती आणि कुणाची, हे मापावर ठरतं, विस्तार आक्रसणं, एकूण वजन घटणं आणि पाळीव पेट्या कमी होणं या तीन स्वतंत्र घटना आहेत, आणि एकीचा पुरावा दुसरीला लागू पडत नाही."

खरी मतभिन्नता पाहायची असेल तर उत्तर अमेरिकेतल्या बंबलबीवर या. सोरॉय आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये जुन्या-नव्या नोंदींवरून लिहिलं की एखाद्या ठिकाणी बंबलबी आढळण्याची शक्यता तिथे ४६ टक्क्यांनी घटली, आणि उष्णतेशी त्याचा संबंध जोडला. पुढच्याच वर्षी गुझमन आणि सहकाऱ्यांनी तशाच संग्रहालयातल्या नोंदी वेगळ्या सांख्यिकी पद्धतीनं हाताळल्या, आणि त्यांना जातीजातीत वेगवेगळे कल दिसले, सरसकट घसरण नाही. भांडणाचं मूळ असं: जुन्या काळी एखाद्या ठिकाणी जात नोंदली गेली नाही, याचा अर्थ ती तिथे नव्हती की तिला कुणी शोधलंच नाही? असे दोन पेपर एकाच परिच्छेदात समोरासमोर ठेवा आणि मधलं वाक्य या "नोंद नाही" च्या अर्थाबद्दल लिहा. तुमच्या जुन्या मांडणीत सोरॉय "हवामान" मध्ये गेले असते, आणि गुझमन यांना बहुधा जागाच मिळाली नसती.

रोगांबद्दल थोडक्यात. कॅमेरॉन आणि सहकाऱ्यांच्या २०११च्या पेपरात अमेरिकेतल्या घटत्या बंबलबींमध्ये नोझेमा या परजीवीचं प्रमाण जास्त आणि जनुकीय विविधता कमी आढळली. यावरून रोगामुळे घट झाली असं सिद्ध होत नाही, आधीच खचलेल्या जातीला रोग जास्त लागला असंही असू शकतं. म्हणून "रोग" असा वेगळा भाग न करता "कारण की सोबती" अशी थीम करा. त्यात परजीवी, फुलांची टंचाई आणि कमी मात्रेतली औषधं एकत्र येऊन काय करतात हे बसतं. कारणांचे चार कप्पे केले की एकत्रित परिणामांना राहायला जागाच उरत नाही, हे त्या मांडणीचं सगळ्यात मोठं नुकसान.

आता भारताचा भाग. हा बहुतेक आढाव्यांत शेवटी "भारतीय अभ्यास" नावाचं शेपूट म्हणून लागतो, आणि तिथे यादी हमखास परत येते. तो वेगळा ठेवू नका. वरच्या थीमच इथल्या माश्यांना लावून बघा. त्यातली एक लगेच डळमळते, आणि तेच तुमच्या आढाव्याचं बलस्थान ठरू शकतं.

युरोपच्या पेपरांत "मधमाशी" म्हणजे जवळजवळ नेहमी पेटीतली एपिस मेलिफेरा, आणि "रानमाशी" म्हणजे बाकी सगळ्या. आपल्याकडे ही फाळणी चालत नाही. आग्या ही मधमाशीच आहे, पण ती पाळता येत नाही, कड्यावर नाहीतर उंच झाडावर उघडं पोळं करते. फुलोरीही पाळता येत नाही, आणि तिचंही पोळं उघडंच असतं. सातेरी पेटीतही असते आणि झाडाच्या ढोलीतही. मेलिफेरा आपल्याकडे १९६०च्या दशकात बाहेरून आणून रुजवलेली. त्यामुळे "मधमाश्यांवर ठळक परिणाम नाही" हा स्वीडनचा निष्कर्ष सह्याद्रीतल्या आग्याला लागू करायचा झाला तर कशाच्या आधारावर? माश्यांचा प्रकार म्हणून, की माणूस त्यांची निगा राखतो म्हणून? मेलिफेराला आजारपणात औषध आणि टंचाईत साखरेचा पाक मिळतो, आग्याला दोन्ही नाही. शीटमध्ये "कीटक" शेजारी "निगा राखलेला की मोकळा" असा रकाना वाढवा आणि पुन्हा सॉर्ट करा.

मग इथले पेपर आपोआप जागेवर बसतात. २०१५ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये आलेला अभ्यास कीटकनाशकांचा मारा जास्त असलेल्या शेतीपट्ट्यातल्या सातेरी आणि आग्याचा आहे. त्यांची वास ओळखण्याची क्षमता मंदावलेली दिसली. तो थेट निओनिकोटिनॉइडच्या थीममध्ये जातो, पण सोबत मर्यादा लिहून: शेतात अनेक औषधं मिसळून पडतात, कुठल्या एकामुळे झालं ते सांगता येत नाही. कलकत्ता विद्यापीठाचे पार्थिब बसू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये परागीभवनावर अवलंबून असलेल्या भाज्यांच्या उत्पादनाच्या आकड्यांवरून घटीचा अंदाज बांधला. तो "काय मोजलं" या थीममध्ये येईल, आणि आणखी एक अप्रत्यक्ष माप म्हणून. माश्या त्यात मोजलेल्या नाहीत, आणि उत्पादन पाणी, वाण, खत यांनीही हलतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड विषाणूनं दक्षिण भारतात सातेरीच्या पेट्या मोठ्या प्रमाणावर रिकाम्या केल्या, ते "कारण की सोबती" मध्ये. तिथे मात्र रोग हेच कारण होतं, त्यामुळे बंबलबीच्या उदाहरणासमोर तो चांगला विरोध होतो.

दोन सापळे राहिले. पहिला, आढावा-पेपर. गुलसन आणि सहकाऱ्यांचा २०१५चा किंवा तत्सम आढावा तुमच्या शीटमध्ये पुरावा म्हणून ओळ मिळवू शकत नाही, कारण त्यातले मूळ अभ्यास आधीच वेगळ्या ओळींत आहेत. दोन्ही धरले की एकच निष्कर्ष दोनदा मोजला जातो आणि थीम उगाच भक्कम वाटते. आढावे वेगळ्या शीटमध्ये ठेवा. चौकट मांडायला आणि सुटलेले मूळ पेपर शोधायला ते वापरा.

दुसरा, शोधशब्द. २०१९ मध्ये सांचेझ-बायो आणि विकहाउस यांचा कीटकांच्या जागतिक घसरणीवरचा पेपर गाजला, आणि त्यावर एक टीका अशी झाली की शोधतानाच त्यांनी `declin*` हा शब्द घातला होता. घट शोधली, घटच मिळाली. वाढ किंवा स्थैर्य नोंदवणारे पेपर जाळ्यात आलेच नाहीत. तुमचे चाळीस पेपर कुठल्या शोधानं आले ते तपासा. `pollinator decline` एवढंच टाकलं असेल तर `trend`, `occupancy`, `abundance change` घालून पुन्हा शोधा. नवे जे येतील ते बहुतेक "काय मोजलं" या थीमला जाऊन भिडतील, आणि तिथलं तुमचं वाक्य त्यांच्यापुढे टिकतं की बदलावं लागतं ते कळेल.

एवढं झाल्यावर शीटमध्ये पाच-सात ओळी अशा उरतील ज्या कुठल्याच थीममध्ये बसत नाहीत. त्या कोंबू नका. त्यातल्या दोन-तीन आपसात जुळत असतील तर नवी थीम होते का पाहा, बाकीच्या प्रबंधात न घेता शीटमध्येच राहू द्या. चाळीस पेपर वाचले म्हणून चाळीसही उद्धृत करायचे असं बंधन नाही, आणि गाईडनी संख्या विचारलीच तर शीट दाखवा.